वेस्ट इंक पॅड ‘भरला’ म्हणजे नक्की काय भरलं?

प्रश्न: कुडाळला आमचं छोटं सेवा केंद्र आहे. एप्सन एल३११० तीन वर्षं झाली. रोज शंभरेक पानं, शिवाय पासपोर्ट फोटो. काल सकाळी शाईचा आणि कागदाचा दिवा आळीपाळीने लुकलुकायला लागले आणि कॉम्प्युटरवर मेसेज आला की इंक पॅड `end of its service life` ला आलाय, सर्व्हिस सेंटरला जा. टाक्यांत शाई अर्ध्याच्या वर आहे, प्रिंट परवापर्यंत स्वच्छ येत होती. बाजारातला एक जण म्हणतो, ‘सॉफ्टवेअर मारून देतो, पाच मिनिटांचं काम.’ मारून घेऊ का? की पॅडच बदलावा लागेल?

उत्तर: पॅड बदला किंवा धुवून सुकवा, आणि मग वाया गेलेल्या शाईची बेरीज ठेवणारा काउंटर शून्य करा. पॅड बसवणं आणि काउंटर शून्य करणं एकाच दिवशी, याच क्रमाने. सॉफ्टवेअर मारून नुसता काउंटर शून्य केला तर प्रिंटर आज चालू होईल, पण शाई जाईल कुठे हा प्रश्न तसाच राहील.

प्रिंटर जितकी शाई खातो ती सगळी कागदावर जात नाही. मशीन चालू करताना, हेड क्लीनिंग करताना, मध्येच स्वतःहून नोझल मोकळे करताना हेड उजव्या टोकाला रबरी टोपीवर जाऊन बसतं. टोपीखालचा पंप शाई ओढतो आणि एका बारीक नळीतून मागे ढकलतो. त्या नळीच्या तोंडाशी प्लॅस्टिकचा डबा असतो आणि त्यात जाड नमद्यासारखे फेल्टचे थर बसवलेले असतात. हाच वेस्ट इंक पॅड. टाकीतली शाई आणि हा पॅड यांचा संबंध एवढाच, त्यामुळे टाकी भरलेली असणं आणि पॅड भरणं यात काही विसंगती नाही.

आता मुख्य गोष्ट. या पॅडमध्ये ओल ओळखणारा कसलाही सेन्सर नाही. प्रिंटरच्या बोर्डावर एक छोटी मेमरी आहे आणि तिच्यात नुसती बेरीज चाललेली असते, हाच काउंटर. साधं क्लीनिंग झालं की इतके गुण, मशीन चालू होताना इतके, पॉवर क्लीनिंग झालं की त्याहून कितीतरी जास्त. ठरलेल्या मर्यादेला, म्हणजे १०० टक्क्यांना, बेरीज पोचली की मशीन थांबतं. मर्यादेच्या थोडं आधी ‘पॅड संपत आलाय’ असा इशारा येतो आणि तेव्हा प्रिंट अजून निघत असते. बहुतेक जण तो ओके दाबून बंद करतात. खरं तर पॅड मागवायची वेळ तीच.

म्हणजे १०० टक्के हा अंदाज आहे, माप नाही. शाईत बहुतांश पाणी असतं आणि पॅडमध्ये पडल्यावर त्यातलं बरंच उडून जातं. किती उडेल ते हवेवर अवलंबून. देशावरच्या कोरड्या हवेत पॅड बऱ्यापैकी सुकत राहतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच पाण्याने भरलेली, तेव्हा पॅडमधलं पाणी फारसं हलत नाही. काउंटरला यातलं काही कळत नाही. एकच आकडा एका दुकानात अर्धा कोरडा पॅड दाखवतो आणि दुसऱ्या दुकानात चिंब. कोकणात मी आकड्याच्या मागे पॅड खरंच भरलेला असेल असं धरूनच चालेन, निदान उघडून बघेपर्यंत.

आणखी एक बारकावा तुमच्या कामाशी थेट जोडलेला आहे. काउंटर एक नाही. एक मागच्या डब्यातल्या मुख्य पॅडचा, `Main pad counter`. दुसरा `Platen pad counter`, तो बिनकिनारीच्या फोटोंचा. कागदाच्या कडेपर्यंत रंग यावा म्हणून बॉर्डरलेस प्रिंट करताना मशीन कडेच्या किंचित बाहेरही शाई मारतं आणि ती कागदाखालच्या फेल्टच्या पट्ट्यांवर पडते. एल३११० मध्ये बॉर्डरलेस फक्त ४×६ इंचांच्या कागदावर चालतं, म्हणजे नेमका पासपोर्ट फोटोंचा कागद. या पट्ट्या मागच्या डब्यात नसतात, मशीनच्या आत असतात. त्या बदलायला मशीन बरंच खोलावं लागतं. पासपोर्ट फोटोच्या पानाला कडेला पांढरी किनार ठेवली तर काहीच बिघडत नाही, नाहीतरी फोटो कापायचेच असतात. बॉर्डरलेसची खूण काढून टाका, हा दुसरा काउंटर जवळजवळ जागेवर थांबेल.

तेव्हा पहिलं काम, काही बदलण्याआधी दोन्ही आकडे वाचून घ्या. यासाठी दोन प्रकारची सॉफ्टवेअरं चालतात. एक सर्व्हिसवाल्यांचा `Adjustment Program`, जो मॉडेलप्रमाणे वेगळा असतो. दुसरं `WIC Reset Utility`. त्यात आकडे वाचणं फुकट आहे, रीसेटसाठी किल्ली विकत घ्यावी लागते आणि एक किल्ली एकाच रीसेटला चालते. एप्सनची स्वतःची एक फुकट रीसेट युटिलिटी आहे, पण ती अमेरिका-कॅनडासाठी आणि एकदाच चालणारी आहे. तिच्या मागे लागून वेळ घालवू नका.

समजा, वाचल्यावर मुख्य काउंटर १०० आणि प्लॅटन ३५ आला. मग तुमचं काम सोपं आहे: फक्त मागचा डबा बदलायचा आणि फक्त मुख्य काउंटर शून्य करायचा. प्लॅटनला हात लावायचा नाही, कारण त्या पट्ट्यांत अंदाजे ३५ टक्क्यांएवढी शाई पडलेली आहे आणि ती कुठे गेलेली नाही. बाजारातले लोक सगळ्या चौकटींवर टिचकी मारून सगळं शून्य करतात. पुढे दोन वर्षांनी कागदाच्या पाठीमागे काळे-निळे डाग यायला लागतात तेव्हा कोणालाच कारण आठवत नाही.

आता डबा. मशीन पॉवरच्या बटणाने बंद करा, दिवा पूर्ण विझू द्या, मगच वायर आणि यूएसबी काढा. टाक्यांची बुचं घट्ट आहेत ना ते बघा. एल२१०, एल२२० सारख्या जुन्या मॉडेलांना टाकीच्या बाजूला वाहतुकीसाठी बंद करायची कळ असते, ती आधी फिरवा. एल३११० ला ती नाही, म्हणून हे मशीन आडवं किंवा उलटं करायचं नाही. टेबलावर वर्तमानपत्राचे चार-पाच थर अंथरा आणि मशीन सपाटच ठेवून मागची बाजू स्वतःकडे वळवा. मागच्या कोपऱ्यात फिलिप्स स्क्रूने बसवलेला प्लॅस्टिकचा भाग दिसेल, त्याच्या आत पॅडचा डबा. स्क्रू काढून डबा सावकाश बाहेर ओढा. झटका देऊ नका, कारण त्याला पंपाची नळी जोडलेली आहे. ती तोंडापाशी चिमटीत धरून हळूच सोडवा आणि लगेच टिश्यूत गुंडाळा, आत राहिलेले थेंब पडतातच. हातमोजे घाला. ही शाई बोटांवरून तीन-चार दिवस जात नाही, आणि शिक्के-सह्यांच्या कागदांवर तुमचा ठसा उमटलेला कोणालाच आवडणार नाही.

डबा हातात आला की नीट बघा. नळी जिथे टपकते तिथे पॅड काळाकुट्ट आणि काकवीसारखा चकचकीत दिसेल. तिथून दूर जाल तसा रंग फिका होत जातो, आणि कधी कधी दूरच्या कोपऱ्यातला फेल्ट चक्क पांढरा असतो. त्या दूरच्या टोकाला टिश्यूची घडी दाबून धरा. टिश्यू भिजला तर पॅड खरंच भरलाय. कोरडा राहिला तर काउंटर पुढे धावत होता. दोन्ही वेळा पॅड बदलायचा किंवा धुवायचाच आहे, पण पुढच्या वेळी आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते यावरून ठरतं.

याहून पक्कं माप हवं तर वजन करा. नवा डबा बसवण्याआधी घरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि ग्रॅम लिहून ठेवा. जुनाही ठेवा. समजा, नवा ७० ग्रॅम आणि जुना १९० ग्रॅम, तर १२० ग्रॅम शाई-पाणी त्या फेल्टने धरलंय. एक ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने एक मिलिलिटर. हा आकडा डब्याच्या झाकणावर पेनने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी स्क्रू काढून वजन केलं की काउंटर न बघताही पॅड कितपत भरलाय ते सांगता येतं.

नवा पॅड घेणार असाल तर मॉडेलचा नंबर सांगून पूर्ण डबा मागवा, नुसते फेल्टचे तुकडे नकोत. एल३११० आणि एल३१५० ला साधारण एकच डबा चालतो, तरी जुना डबा समोर ठेवून आकार आणि नळीचं तोंड जुळतंय का ते बघूनच पैसे द्या. नवा मिळायला उशीर लागत असेल तर जुना धुता येतो. आधी थरांचा फोटो काढा, कारण तुकडे वेगवेगळ्या कापाचे असतात आणि क्रम चुकला की नळीखालची जागा पोकळ राहते. मग बादलीत साध्या पाण्यात भिजवून तळहाताने दाबा. पिळू नका, फेल्ट पिळला की आकार जातो. पाणी बदलत राहा. अगदी नितळ पाणी कधी येणार नाही, फिकट राखाडी आलं की पुरे. मग सुकवणं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. वरून कोरडा लागलेला फेल्ट आतून ओलाच असतो आणि ओला पॅड बसवला तर जागा आधीच भरलेली. धुण्याआधी कोरड्या फेल्टचं वजन माहीत नसेल तर दोन दिवस लागोपाठ वजन करा. आकडा घटायचा थांबला की सुकला. एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन दिवसांत होतं. आषाढ-श्रावणात आठवडाभर पंख्याखाली ठेवूनही होत नाही. पावसाळ्यात धुण्याच्या भानगडीत पडू नका, नवा घ्या.

धुवायचं पाणी विहिरीच्या आसपास किंवा वहाळात टाकू नका. जांभ्यातून पाणी झिरपतं आणि ते विहिरीकडेच जातं. लाकडाचा भुसा किंवा रद्दी घातलेल्या जुन्या डब्यात ते ओता, सुकू द्या आणि पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या.

फेल्टऐवजी कापूस, स्पंज किंवा सॅनिटरी पॅड घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. सॅनिटरी पॅड आणि डायपरमध्ये जेल असते, ती फुगते आणि फुगून नळीचं तोंडच दाबून टाकते. कापसाचे तंतू नळीत जाऊन अडकतात. स्पंज शाई पितो खरा, पण मशीन हलवलं की तीच शाई बाहेर सोडतो. फेल्टचं काम शाई नुसती पिणं नाही, ती आडवी पसरवणं आहे, आणि ते बाकीच्यांना जमत नाही.

डबा परत बसवताना एकच चूक घातक ठरते: नळी तोंडावर पूर्ण न बसणं. शाई मग डब्यात न जाता मशीनच्या तळाशी सांडत राहते आणि महिन्याभराने टेबलावर काळा ओघळ दिसतो. म्हणून बसवून झाल्यावर स्क्रू लावण्याआधी मशीन सुरू करून एक साधं क्लीनिंग करा, मशीन बंद करा आणि डबा परत थोडा बाहेर ओढा. पॅडवर नळीखाली ताजा ओला ठिपका दिसला की काम बरोबर झालं. ठिपका नसेल तर नळी सुटलीय, दुमडलीय किंवा चोंदलीय. चोंदलेली असली तर टोपीत शाई साचून राहते, रंग एकमेकांत मिसळतात आणि पानावर ओले फराटे येतात. तेव्हा लोक आणखी क्लीनिंग मारतात आणि प्रकार वाढत जातो. (मेसेजने मशीन अडलेलं असल्यामुळे ही चाचणी काउंटर शून्य केल्यावरच करता येईल, तोपर्यंत स्क्रू तसाच बाजूला ठेवा.)

आता काउंटर. विंडोज असलेला कॉम्प्युटर, यूएसबी वायर आणि नेमकं तुमच्याच मॉडेलचं सॉफ्टवेअर. दुसऱ्या मॉडेलचं चालवलं तर ते मेमरीत चुकीच्या जागी लिहू शकतं. `Adjustment Program` मधला मार्ग असा:

```
Particular adjustment mode
  > Waste ink pad counter > OK
  > Main pad counter  (फक्त हीच चौकट)
  > Check
  > Initialize
```

मग तो सांगेल तेव्हा मशीन बटणाने बंद करून परत सुरू करा आणि पुन्हा एकदा `Check` करा, मुख्य काउंटर शून्य दिसला पाहिजे. त्याच यादीत हेड आयडी बदलणं आणि `Initial ink charge` असे पर्यायही असतात. त्यांना अजिबात हात लावू नका. पहिल्याने प्रिंटचा दर्जा बिघडू शकतो, दुसऱ्याने नव्या पॅडमध्ये भरपूर शाई एकदम ओतली जाते.

हे सॉफ्टवेअर तुमच्या केंद्राच्या कॉम्प्युटरवर चालवू नका, हे मी कळकळीने सांगतो. ते इंटरनेटवर कुठून कुठून फिरत असतं, आणि बरोबरची सूचना हमखास ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी असते. त्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार, सातबारा, बँकेची कागदपत्रं आणि तुमची डिजिटल सहीची टोकन असतात. नेट तोडलेला जुना लॅपटॉप वापरा. तसा नसेल तर हेच काम सर्व्हिस सेंटरला देणं स्वस्त पडेल. तिथे द्याल तेव्हा पावतीवर ‘पॅड बदलला’ असं लिहून घ्या आणि जुना डबा परत मागा, कारण नुसतं रीसेट करून पॅडचे पैसे लावता येतात आणि बाहेरून फरक कळत नाही. मशीन वॉरंटीत असेल तर स्वतः काही उघडूच नका.

काही दुकानदार नळी मशीनबाहेर काढून बाटलीत सोडतात. पद्धत चांगली आहे, पण नीट केली तर. नळीला लावायची जोड आतल्या नळीच्या मापाची आणि सिलिकॉनची हवी. बाटली मशीनपेक्षा खाली असावी आणि बुचाला हवेसाठी छिद्र असावं. नळीचं टोक शाईत बुडू देऊ नका, बाटलीच्या मानेपाशीच ठेवा. अर्ध्या लिटरची बाटली पुरते आणि शाई किती साचली ते डोळ्यांनी दिसतं. गिऱ्हाइकांचे पाय, मुलं आणि झाडू यांपासून ती लांब ठेवता येत नसेल तर हा मार्ग घेऊ नका. लोटलेली बाटली शहाबादी फरशीवर कायमचा डाग सोडते.

पॅड लवकर भरतोय का, ते शोधायला पुढच्या महिन्यापासून दर १ तारखेला काउंटर वाचून वहीत लिहा. तीन वर्षांत १०० म्हणजे तुमची सरासरी महिन्याला तीन टक्क्यांच्या आत आहे. एवढ्या कामाला हे ठीक आहे. एखाद्या महिन्यात आठ-दहा टक्के वाढले तर त्या महिन्यात कोणीतरी क्लीनिंगचा मारा केलाय. पान फिकट आलं की थेट क्लीनिंग न मारता आधी नोझल चेक काढा. रेघा पूर्ण असतील तर दोष कागदाचा किंवा सेटिंगचा आहे. तुटक असतील तर एक क्लीनिंग, परत चेक, असं जास्तीत जास्त तीनदा. मग १२ तास मशीन तसंच राहू द्या. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी नोझल आपोआप मोकळे होतात. पॉवर क्लीनिंग अगदी शेवटी, टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या असताना, आणि दोन पॉवर क्लीनिंगमध्ये पुन्हा १२ तासांचं अंतर.

रात्री दुकान बंद करताना बोर्डाचं बटण पाडायची सवय असेल तर ती मोडा. पॉवरच्या बटणाने बंद केलं की हेड टोपीवर बसून झाकलं जातं. छापता छापता लाईट गेली तर हेड उघडंच मध्ये अडकतं. तासाभराने लाईट आली तर फार बिघडत नाही. पण २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडे झालं तसं वीज दिवसेंदिवस गेली, तर उघड्या हेडमधली शाई सुकते आणि मग क्लीनिंगवर क्लीनिंग मारावी लागते, ती सगळी पॅडमध्ये. मे महिन्याच्या शेवटापासून प्रिंटर इन्व्हर्टरवर घेतला तर निदान चालू पान संपवून बटणाने बंद करण्याएवढा वेळ मिळतो.

दुसरं मशीन घ्यायचा विचार असेल तर वेस्टची पेटी बाहेरून बदलता येते का, हे आधी विचारा. एप्सनच्या एल६१७०, एल६१९० ला `T04D1` ही मेंटेनन्स बॉक्स लागते. कॅननच्या जी२०२० ला `MC-G02` आहे. पेटी ओढायची, नवी सरकवायची, सॉफ्टवेअरचं नाव नाही. कॅननच्याच जुन्या जी२०१० ला ही सोय नाही. तिथे आधी `E08` हा इशारा येतो, मग `P07` म्हणजेच `5B00` येऊन मशीन अडतं, आणि आतला पॅड काढायला एप्सनपेक्षा बरंच जास्त खोलावं लागतं.

तुमच्या मशीनच्या बाबतीत आज एवढंच करा: ते उचलून खालचं टेबल बघा आणि मागच्या कोपऱ्याखालून टिश्यू फिरवा. टिश्यू रंगला तर शाई डब्याबाहेर गेलेली आहे, आधी कोणीतरी नुसतं सॉफ्टवेअर मारलेलं असू शकतं. तेव्हा वायर लावू नका, खालच्या बाजूला विजेचे भाग असतात. मशीन सर्व्हिस सेंटरलाच न्या. टिश्यू कोरडा निघाला तर पॅड मागवा आणि तो हातात येईपर्यंत रीसेट थांबवा.